नेक्स्टच्या आत लूप आहे, तरी कॉन्स्टंट टाइम कसा?

प्लेसमेंटचा सीझन आला की कॉम्प्युटरच्या मुलांचे मेसेज सुरू होतात आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो, बायनरी सर्च ट्रीवर इटरेटर लिहा. लीटकोडवर हा १७३ नंबरचा प्रश्न आहे. कोड दहा-पंधरा ओळींचा, पाठ करून येतात सगळे. पण समोरचा विचारतो, "तुझ्या `next()` च्या आत लूप दिसतोय, मग हे सरासरी कॉन्स्टंट टाइममध्ये कसं काय चालतं?" आणि तिथे गाडी अडते. बहुतेक जण म्हणतात "अमॉर्टाइज्ड आहे सर" आणि पुढे काहीच येत नाही, कारण तो शब्द पाठ केलेला असतो, त्यामागचा हिशोब कोणी मांडून दाखवलेला नसतो.

तो हिशोब खरं तर वही-पेनाने पाच मिनिटांत होतो. तोच इथे एका सात आकड्यांच्या छोट्या झाडावर करून बघू. कोडिंग येत नसेल तरी झाडाचा भाग कळेल, फक्त कागद जवळ ठेवा आणि झाड काढून घ्या, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

## आधी झाड

बायनरी सर्च ट्री म्हणजे आकडे ठेवायची एक पद्धत. प्रत्येक आकडा एका चौकटीत, त्या चौकटीला नोड म्हणतात. नोडच्या खाली जास्तीत जास्त दोन फांद्या, आणि नियम एकच, डावीकडच्या फांदीत सगळे लहान, उजवीकडच्या फांदीत सगळे मोठे. झाड उलटं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली, याची सवय लागते.

आपलं झाड असं. सगळ्यात वर ५०. त्याच्या डावीला २०, उजवीला ७०. २० च्या डावीला १०, उजवीला ४०. ४० च्या डावीला ३०. आणि ७० च्या डावीला ६०. बस्स, सात नोड.

```
        50
       /  \
     20    70
    /  \   /
  10   40 60
       /
      30
```

यात ३० शोधायचे तर वरून सुरू करा, ५० पेक्षा लहान म्हणून डावीकडे, २० पेक्षा मोठे म्हणून उजवीकडे, ४० पेक्षा लहान म्हणून डावीकडे, सापडले. एका वेळी एक मजला खाली. मूळापासून सगळ्यात खालच्या नोडपर्यंत जेवढे मजले तेवढी झाडाची उंची, तिला h म्हणू. आपल्या झाडाचे मजले ४.

## क्रमाने वाचायचं असेल तर

आता मला हे आकडे लहानाकडून मोठ्याकडे हवेत. नियमच सांगतो कसं करायचं ते, आधी डावीकडचं सगळं वाचा, मग स्वतःचा आकडा, मग उजवीकडचं सगळं. कॉलेजात शिकवतात तो इनऑर्डर म्हणजे हाच.

```python
def inorder(node):
    if node:
        inorder(node.left)
        print(node.val)
        inorder(node.right)
```

सुंदर कोड आहे, चार ओळीत काम होतं. याला रिकर्शन म्हणतात, फंक्शन स्वतःलाच बोलावतं. पण यात एक अडचण आहे जी शिकताना जाणवत नाही, काम करताना जाणवते. हे एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत पळतं. मला म्हणता येत नाही की "पहिले तीन आकडे दे, मग थांब, मी जरा दुसरं काम करतो, परत येऊन चौथा मागतो". धान्याच्या पोत्याला खालून भोक पाडलं तर सगळं पोतं रिकामं होणार, आपल्याला हवी आहे तोटी, उघडली की एक दाणा, बंद केली की बंद.

ती तोटी म्हणजे इटरेटर. त्याला दोनच गोष्टी यायला हव्यात, `hasNext()` म्हणजे अजून काही शिल्लक आहे का, आणि `next()` म्हणजे पुढचा आकडा दे. दोन हाकांच्या मध्ये तो कितीही वेळ गप्प बसला पाहिजे, आणि आपण कुठे होतो ते विसरता कामा नये.

## खूण ठेवायची तर कुठे ठेवायची

पुस्तकात खूण ठेवणं सोपं असतं, पान नंबर लक्षात ठेवला की झालं. यादीतही तसंच. झाडात मात्र "मी आत्ता ३० वर आहे" एवढं लक्षात ठेवून भागत नाही. ३० च्या पुढचा आकडा ४०, आणि तो आहे ३० च्या डोक्यावर. साध्या झाडात नोडला आपली मुलं माहीत असतात, आपला बाप माहीत नसतो. म्हणजे खाली उतरायला वाट आहे, वर चढायला नाही. म्हणून खूण म्हणजे परतीचा रस्ता ठेवावा लागतो.

गावात बाजाराला निघालेला माणूस आठवा. वाटेत पहिलं ओळखीचं दुकान लागतं, दुकानदार हाक मारतो, हा म्हणतो "येताना थांबतो". पुढचं दुकान, "येताना थांबतो". गल्लीच्या टोकाला पोचला, पुढे रस्ताच नाही, तिथलं काम करतो आणि मग उलटा फिरतो. परत येताना सगळ्यात शेवटी ज्याला शब्द दिला तो सगळ्यात आधी भेटणार, आणि सगळ्यात आधी ज्याला शब्द दिला तो सगळ्यात शेवटी.

शेवटचा आत गेलेला पहिला बाहेर, या रचनेला स्टॅक म्हणतात, ताटांच्या चवडीसारखी. आत टाकणं म्हणजे पुश, वरचं काढणं म्हणजे पॉप. झाडात मोठा आकडा लागला आणि त्याच्या डावीला अजून काही आहे, तर त्याला "येताना थांबतो" म्हणून स्टॅकवर टाकायचं आणि डावीकडे पुढे जायचं. एवढंच सगळं आहे.

रिकर्शनसुद्धा आतून हेच करतं, फरक एवढाच की तिथला स्टॅक भाषा सांभाळते, आपल्याला हात लावता येत नाही. इथे तोच स्टॅक आपण हातात घेतलाय, कधी किती भरायचा आणि कधी थांबायचं हे आपण ठरवतो.

```python
class BSTIterator:
    def __init__(self, root):
        self.stack = []
        self._push_left(root)

    def _push_left(self, node):
        while node:
            self.stack.append(node)
            node = node.left

    def next(self):
        node = self.stack.pop()
        self._push_left(node.right)
        return node.val

    def hasNext(self):
        return len(self.stack) > 0
```

## हाताने चालवून बघू

सुरुवातीला, कोणी काही मागायच्या आधी, मूळापासून डावीकडे जेवढं जाता येईल तेवढं जायचं आणि वाटेतले सगळे स्टॅकवर टाकायचे. ५०, मग २०, मग १०. तीन पुश झाले, १० सगळ्यात वर.

पहिला `next()`. वरचा काढला, १०. त्याला उजवी फांदी नाही, काही टाकायचं नाही. स्टॅकमध्ये ५०, २०.

दुसरा `next()`. २० निघाला. याला उजवीला ४० आहे, म्हणून ४० वर जायचं आणि तिथून परत डावीकडे शेवटपर्यंत, म्हणजे ४० टाकला, ३० टाकला. दोन पुश. स्टॅकमध्ये ५०, ४०, ३०.

तिसऱ्याला ३० निघाला, उजवीला काही नाही. चौथ्याला ४०, त्यालाही उजवीला काही नाही. आता स्टॅकमध्ये एकटा ५०. पाचव्याला ५० निघाला, उजवीला ७०, तो टाकला, त्याच्या डावीला ६०, तोही टाकला, दोन पुश. सहाव्याला ६०, सातव्याला ७०, स्टॅक रिकामा, `hasNext()` नाही म्हणणार.

१०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०. क्रम बरोबर आला.

आता परत वर जाऊन प्रत्येक टप्प्याला स्टॅकमध्ये काय होतं ते बघा. ५०, ४०, ३० होतं तेव्हा वरून खाली वाचलं तर ३०, ४०, ५०. नेहमी वरून खाली चढता क्रम, आणि सगळ्यात वर जो आहे तोच पुढचा आकडा. योगायोगाने होत नाही हे, कारण प्रत्येक नोड आपल्या खाली असलेल्याच्या डाव्या फांदीतून आलेला असतो, म्हणजे त्याच्यापेक्षा लहानच असणार. तुमचा कोड चुकतोय असं वाटलं तर प्रत्येक `next()` नंतर स्टॅक छापा, ज्या क्षणी हा चढता क्रम मोडलेला दिसेल तिथे चूक आहे (किंवा झाडच नीट बनलेलं नाही, तेही होतं).

## पण आत लूप आहे ना?

आहे. `_push_left` मधला `while` किती वेळा फिरेल हे आधी सांगता येत नाही, कधी शून्य वेळा, कधी दोनदा, मोठ्या झाडात कधी वीस वेळा. मग प्रत्येक `next()` चा खर्च ठराविक कसा म्हणायचा?

इथेच मुलं अडकतात, कारण ती एका `next()` कडे बघत बसतात. एकाकडे बघू नका, सगळ्यांचा मिळून हिशोब करा.

एसटीची बस समजा, प्रत्येक स्टॉपला बरोबर एकच प्रवासी उतरतो. चढणारे मात्र कधी कोणीच नाही, कधी एकदम सहा. कंडक्टरला विचारलं की या स्टॉपला किती तिकिटं फाडली, तर उत्तर दर वेळी वेगळं येईल. पण दिवसभरात एकूण किती फाडली विचारलं तर उत्तर सोपं आहे, जेवढे प्रवासी तेवढी, कारण प्रत्येक माणूस एकदाच चढतो आणि एकदाच उतरतो. एका स्टॉपला सहा जण चढले याचा अर्थच असा की ते सहा जण दुसऱ्या कुठल्याही स्टॉपला चढणार नाहीत.

आपले नोड म्हणजे हेच प्रवासी. प्रत्येक नोड स्टॅकवर किती वेळा चढतो? एकदाच. का एकदाच, तर नोडकडे यायची वाट एकच आहे, त्याचा बाप. तो बापाचा डावा मुलगा असेल तर बापाला पुश केल्यावर लगेच त्याच लूपमध्ये पुश होतो. उजवा असेल तर बाप पॉप झाल्यावर पुश होतो. बाप एकदाच पुश आणि एकदाच पॉप होतो, म्हणून मुलगाही एकदाच. वरून खालपर्यंत हेच लागू.

आपल्या झाडात मोजा. सुरुवातीला ३ पुश, मग प्रत्येक `next()` चे ०, २, ०, ०, २, ०, ०. बेरीज ७. पॉप ७. एकूण १४ कामं, आकडे ७, म्हणजे एका आकड्यामागे २. झाडात ७ च्या जागी १० लाख नोड असले तरी २० लाख कामं, एका आकड्यामागे २ च. झाड आडवं असो, उभं असो, तिरपं असो, भागाकार बदलत नाही. यालाच म्हणतात अमॉर्टाइज्ड `O(1)`, म्हणजे एखाद्या वेळी जास्त खर्च झाला तरी तो पूर्ण फेरीवर वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला ठराविकच येतो.

## ही सरासरी म्हणजे नशीब नव्हे

"सरासरी" शब्द ऐकला की वाटतं, झाड चांगलं निघालं तर चांगलं, वाईट निघालं तर बोंबला. तसं नाहीये. क्विकसॉर्टची सरासरी तशी असते, तिथे पिव्हट वाईट निघत गेले तर खरंच फटका बसतो. इथे कुठलीही शक्यता धरलेली नाही, n नोडचं कुठलंही झाड घ्या, पूर्ण फेरी केली की २n च्या वर काम जाऊच शकत नाही. मुलाखतीत हा फरक नीट सांगितलात तर समोरच्याला कळतं की तुम्ही पाठ करून आलेला नाही.

एक गोष्ट मात्र खरी आहे, ती लपवू नये. ही वाटणी पूर्ण फेरीची आहे. मध्येच थांबलात तर? समजा फक्त पहिले k आकडे मागितले. पॉप k झाले. पुश किती? जे निघाले ते k, आणि जे अजून स्टॅकमध्ये बसलेत ते, आणि स्टॅकमध्ये एका वेळी h पेक्षा जास्त मावत नाहीत. म्हणजे पुश जास्तीत जास्त k + h. बसमध्ये शेवटी जे बसून राहिले त्यांचं तिकीट फाडलं होतं पण ते उतरले नाहीत, एवढाच तो जादा खर्च.

तेव्हा एकच आकडा हवा असेल तरी h एवढं काम करावं लागू शकतं. पण १० लाखांच्या झाडातून १०० आकडे हवे असतील, आणि झाड सगळीकडून सारखं भरलेलं असेल, तर उंची २० च्या आसपास. २० मजल्यांच्या पूर्ण भरलेल्या झाडात १०,४८,५७५ नोड मावतात. म्हणजे १०० पॉप आणि जास्तीत जास्त १२० पुश. बाकीच्या लाखो नोडना हातच लावला नाही.

## मग सगळं एका लिस्टमध्ये काढून ठेवलं तर?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि तो रास्त आहे. आधीच इनऑर्डर चालवा, सगळे आकडे लिस्टमध्ये भरा, मग `next()` म्हणजे फक्त पुढचा इंडेक्स. तिथे तर प्रत्येक `next()` खरोखरच ठराविक वेळात होतो, सरासरीची भानगडच नाही.

चालेल, झाड छोटं असेल आणि सगळे आकडे लागणारच असतील तर मी स्वतः तेच करीन. पण १० लाख नोडच्या झाडात पहिले १०० हवे असताना १० लाखांची लिस्ट बनवायची, आणि ती बनेपर्यंत पहिल्या आकड्यासाठीही थांबायचं, हे कशाला? स्टॅकमध्ये एका वेळी वीस नोडचे पत्ते असतात, लिस्टमध्ये १० लाख आकडे.

उलट बाजूही सांगतो. जिथे प्रत्येक `next()` ठरलेल्या वेळेतच यायला हवा, एकही उशिरा चालणार नाही, तिथे अमॉर्टाइज्ड हिशोब कामाचा नाही, कारण तो एकूण खर्चाची हमी देतो, एकेका हाकेची नाही. झाड समतोल असेल तर एका हाकेला वाईटात वाईट वीस-चाळीस पावलं, ती बहुतेक ठिकाणी खपतात. झाड कलंडलेलं असेल तर बघा काय होतं, वर १ आहे, त्याला डावं काही नाही, उजवीला १००० आणि तिथून डावीकडे ९९९, ९९८ करत २ पर्यंत सरळ शेपूट. सुरुवातीला फक्त १ पुश. पहिला `next()` १ परत देतो आणि त्याच हाकेत ९९९ पुश करतो. पुढच्या ९९९ हाका मात्र एकही पुश करत नाहीत. बेरीज बरोबरच आहे, पण पहिल्या हाकेला ज्याने वाट बघितली त्याला बेरजेचं काय.

## स्टॅक किती वाढतो, आणि कुठल्या झाडात

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने एकदा ५ हजार रोल नंबर झाडात घातले, चढत्या क्रमाने, जसे यादीत होते तसे. झाड समतोल करायचा कोड तिने लिहिला नव्हता, त्यामुळे प्रत्येक नवा नंबर आधीच्याच्या उजवीला लागत गेला आणि झाडाची झाली ५ हजार मजल्यांची एक सरळ शिडी. मग रिकर्शनवाला इनऑर्डर चालवला आणि पायथॉनने `RecursionError` दिला, कारण पायथॉनमध्ये एकात एक हाकांची मर्यादा मुळात १००० आहे.

मग तिने इटरेटर लावला आणि तो आरामात चालला. ती म्हणाली, "दादा, स्टॅक आपण लिस्टमध्ये ठेवला म्हणून ५ हजार मावले ना?" मी म्हटलं, स्टॅकची जास्तीत जास्त लांबी छापून बघ. तिने छापली, उत्तर आलं १.

हे बघून मलाही फार बरं वाटलं होतं कारण यात आपल्या स्टॅकचं खरं रूप दिसतं. स्टॅकमध्ये मूळापासूनचे सगळे पूर्वज नसतात, फक्त ते असतात ज्यांना "येताना थांबतो" म्हटलंय, म्हणजे ज्यांच्यापासून आपण डावीकडे वळलो. उजवीकडे वळताना बाप आधीच पॉप झालेला असतो, त्याचं काम संपलेलं असतं. उजव्या शिडीत डावीकडे कधी वळतच नाही, म्हणून एका वेळी एकच नोड. रिकर्शन मात्र उजवीकडे जातानाही बापाची हाक उघडीच ठेवतं, काही काम उरलेलं नसताना, म्हणून त्याची ५ हजारांची रांग लागली.

तेच नंबर उतरत्या क्रमाने घातले तर शिडी डावीकडे जाते आणि मग आपल्या स्टॅकमध्येही सुरुवातीलाच ५ हजार. त्याला इलाज इटरेटरमध्ये नाही, झाड समतोल ठेवण्यात आहे. लायब्ररीतली झाडं ते आपोआप करतात, जावाचा `TreeMap` आतून रेड-ब्लॅक ट्री आहे, आणि त्या प्रकारच्या झाडाची उंची सर्वोत्तम झाडाच्या साधारण दुपटीच्या वर जात नाही.

## स्टॅकशिवाय जमत नाही का?

जमतं. प्रत्येक नोडला बापाचा पत्ता देऊन ठेवला की वर चढायची वाट मिळाली, स्टॅक नकोच. `TreeMap` तेच करतो. पण पत्ता ६४-बिट मशीनवर साधारण ८ बाइटचा, १० लाख नोड म्हणजे ८० लाख बाइट, आणि झाडात काहीही हलवलं की ते पत्तेही सुधारायचे. झाड आपलंच असेल तर करा. झाड दुसऱ्या कोणी बनवलेलं हातात आलं असेल तर स्टॅक बरा.

दुसरा रस्ता मॉरिसचा, १९७९ चा. तो झाडातल्याच रिकाम्या उजव्या जागांमध्ये परतीचे तात्पुरते धागे बांधतो आणि जाता जाता सोडवतो. जादा मेमरी जवळजवळ शून्य. पण फेरी अर्धवट सोडली तर धागे तसेच राहतात, आणि एकाच वेळी दोघांनी तेच झाड वाचायला घेतलं तर दोघांचाही गोंधळ होतो. इटरेटर मध्येच सोडून द्यायची सोय हवी म्हणूनच तर आपण आलो होतो.

## लिहिताना कुठे चुकतं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे `next()` मध्ये `node.right` ऐवजी परत `node` वरूनच डावीकडे ढकलणं. मग तोच नोड पुन्हा स्टॅकवर चढतो, आणि पहिलाच आकडा पुन्हा पुन्हा येत राहतो, आपल्या झाडात १०, १०, १०, थांबतच नाही. दुसरी चूक, उजव्या मुलाला पुश करायचं पण त्याच्या डावीकडे उतरायचं विसरायचं. आपल्या झाडात तेव्हा १०, २० नंतर थेट ४० येतो, ३० गायब. गायब आकडा कोणाच्या तरी डावीला आहे असं दिसलं की लगेच ओळखा.

तिसरी गोष्ट कोडमध्ये दिसत नाही, ती वापरात आहे. फेरी चालू असताना कोणी झाडात बदल केला तर? आपल्या झाडात २० वाचून झालाय, स्टॅकमध्ये ५०, ४०, ३० आहेत, आणि आता कोणी २५ घातला. तो ३० च्या डावीला जाऊन बसतो. क्रमाने तो पुढचाच आकडा, पण आपण ३० च्या डावीकडे आधीच बघून आलोय, तिथे काही नव्हतं. म्हणून २५ सुटला, काही एरर नाही, काही नाही. त्याच वेळी ४५ घातला असता तर तो ४० च्या उजवीला बसला असता आणि ४० अजून निघायचा आहे म्हणून तो बरोबर सापडला असता. आणि ३० झाडातून काढून टाकला तरी पुढचा `next()` तोच देणार, कारण स्टॅकला झाडातला बदल कळतच नाही. एक नवा आकडा दिसतो, एक नाही, काढलेला तरीही येतो, असली चूक शोधायला फार जड जाते. म्हणूनच जावाचा `TreeMap` बदलांची मोजणी ठेवतो, आणि फेरीच्या मध्येच बाहेरून कोणी नोंद घातली किंवा काढली तर पुढच्या `next()` ला `ConcurrentModificationException` देऊन थांबतो. आपल्या इटरेटरला हवं तर तेच करा, झाडात एक काउंटर, प्रत्येक घालण्या-काढण्याला एकने वाढवायचा, इटरेटरने सुरुवातीला तो टिपून ठेवायचा आणि दर `next()` ला जुळतोय का बघायचं.

## दोन्ही टोकांनी एकदम

थांबता येणारा इटरेटर कुठे खरा उपयोगी पडतो ते आपल्याच झाडावर बघा. प्रश्न असा, ज्यांची बेरीज ८५ होईल असे दोन आकडे झाडात आहेत का? एक नेहमीचा इटरेटर घ्या आणि एक उलटा, ज्यात डावं-उजवं अदलाबदल केलंय, तो मोठ्याकडून लहानाकडे येतो. उलट्याचा स्टॅक सुरुवातीला ५०, ७०.

१० आणि ७०, बेरीज ८०, कमी पडली, लहान बाजू पुढे. २० आणि ७०, ९०, जास्त झाली, मोठी बाजू मागे. २० आणि ६०, ८०, कमी. ३० आणि ६०, ९०, जास्त. ३० आणि ५०, ८०, कमी. ४० आणि ५०, ९०, जास्त. आता मोठी बाजूही ४० वर आली, दोघे एकाच नोडवर, म्हणजे अशी जोडी नाही. एकदा हा, एकदा तो, दोघेही आळीपाळीने थांबून राहिले, सगळे आकडे कुठेही काढून ठेवावे लागले नाहीत, आणि मेमरी लागली ती दोन छोट्या स्टॅकची.